फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पोरीनं कुठल्या बाजूनं चालायचं? घरात तीन मतं आहेत

माळावरचा
माझी मुलगी आता पाचवीत गेली. गावातली शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे जूनपासून पुढच्या गावातल्या हायस्कूलला चालत जाते. अंतर साधारण १३०० मीटर. कराडच्या पश्चिमेकडचा राज्यमार्ग आहे, दुपदरी डांबरी. फुटपाथ कुठेच नाही, मध्ये दुभाजकही नाही. वस्तीवरच्या आणखी दोन मुली तिच्याबरोबर असतात.

आबा म्हणतात डावीकडूनच चालायचं, आम्ही आयुष्यभर तसंच चाललो. शाळेत आम्हालाही तेच शिकवलं होतं. बायको म्हणते उजवीकडून, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आई म्हणते बाजू कुठलीही असो, पोरींना रस्ता ओलांडायला लावू नका. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं. गेल्या आठवड्यात दुधाच्या टेम्पोचा आरसा एकीच्या दप्तराला लागून गेला, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

पैलवान७७
उजवी बाजू. विषय संपला. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे उजव्या कडेनं चाललं की जवळची गाडी नेहमी समोरून येते. पाठीला डोळे नसतात.

आज्जीचा_बटवा
आमच्या पुस्तकात 'डाव्या बाजूने चालावे' असंच होतं हो, मला अजून चित्र आठवतं. ते चुकीचं होतं म्हणायचं का आता?

ऱ्हाइनकाठ
आज्जी, इथे जर्मनीत गावाबाहेर फुटपाथ नसेल तर पायी माणसानं डाव्या कडेनं चालायचं असा कायदाच आहे. पण इथे गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे तत्त्व पैलवानांचंच. 'डावं-उजवं' पाठ करण्यापेक्षा 'जवळची गाडी समोरून दिसेल ती कड' असं मुलांना सांगितलं तर विसरत नाहीत.

सायकलस्वार
मी रोज १८ किमी सायकल चालवतो आणि हाच नियम पाळतो, उजव्या कडेनं, गाड्यांना तोंड करून. एकदम सुरक्षित वाटतं.

लालडबा
सायकलस्वार, तुम्ही हे आजच बंद करा, हात जोडून सांगतो. मी २९ वर्षं एसटी चालवली. चालणारा माणूस गाडी बघून दोन पावलं खाली उतरू शकतो, तुम्ही सायकलसकट उतरू शकत नाही. शिवाय तुमचा वेग गाडीच्या वेगात मिळवला जातो, त्यामुळे समोरच्याला विचार करायला वेळच राहत नाही. फाट्यावरून रस्त्यावर येणारा ड्रायव्हर आधी उजवीकडे बघतो, तिकडूनच जवळची गाडी येते म्हणून. तुम्ही येता त्याच्या डावीकडून. सायकल हे वाहन आहे, ते डावीकडूनच चालवायचं. इथला प्रश्न चालणाऱ्यांचा आहे.

सायकलस्वार
फाट्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. मागच्या महिन्यात एकजण असाच अंगावर आला होता, मी त्यालाच बोललो. उद्यापासून बाजू बदलतो.

मेघदूती
मी इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या खेड्यात राहते. इथेही गाड्या डावीकडून. दोन्ही बाजूला उंच कुंपणं आणि मध्ये एक गाडी जेमतेम जाईल असे रस्ते. इथल्या 'हायवे कोड'मधला दुसराच नियम हा आहे : फुटपाथ नसेल तर उजवीकडून चाला. पण त्याच नियमात पुढे एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे कुणी सांगत नाही. पुढे उजवीकडे जोराचं वळण असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडून डावीकडे जा, आणि वळण संपल्यावर परत उजवीकडे या.

कारण सोपं आहे. उजव्या वळणावर उजवी कड म्हणजे वळणाची आतली कड. समोरून येणारी गाडी त्याच कडेला चिकटून येते, आणि मध्ये कुंपण असल्यामुळे तिला तुम्ही अगदी शेवटी दिसता.

गिट्टी
मेघदूतींनी मुद्द्याला हात घातला. मी बांधकाम खात्यात रस्त्यांचंच काम केलं. माळावरचा, 'डावं की उजवं' याला एकच उत्तर नसतं, रस्ता बघावा लागतो. घरापासून शाळेपर्यंत काय काय लागतं ते चालत गेल्यासारखं क्रमानं लिहा. वळणं, चढ, मोऱ्या, साइडपट्टी किती, घर कुठल्या बाजूला, शाळा कुठल्या बाजूला.

माळावरचा
लिहितो काका.

शाळेकडे तोंड केलं की आमची वस्ती डाव्या हाताला. घराच्या मागच्या अंगाला चढ आहे, गाड्या त्या चढावरून एकदम वर येतात. घरापुढे साधारण ४०० मीटर सरळ. मग रस्ता उजवीकडे वळतो. वळणाच्या आतल्या बाजूला आमच्याच भावकीचा ऊस आहे, आत्ता पुरुषभर झालाय. वळण संपलं की ओढ्यावरचा जुना पूल, ३०-४० मीटर, दोन्हीकडे कठडे, साइडपट्टी नाहीच. पुढे परत सरळ, आणि शाळा उजव्या हाताला. फाटकासमोर गतिरोधक आहे.

साइडपट्टी आमच्या बाजूला बरी आहे, चार-पाच फूट मुरूम. पलीकडे डांबर संपलं की लगेच चर.

गिट्टी
आता बघा. नियम पाळून मुली उजवीकडून गेल्या तर काय होतं? घरासमोर एकदा ओलांडायचं, चढाच्या तोंडाशी. वळणाआधी परत डावीकडे यायचं, कारण उजवीकडे ऊस आहे. पुलानंतर पुन्हा उजवीकडे. म्हणजे तीनदा रस्ता ओलांडणं. आणि उजवीकडे साइडपट्टी नाही, चर आहे.

डावीकडेच राहिल्या तर एकदाच ओलांडायचं, तेही शाळेजवळच्या सरळ रस्त्यावर. वळणावर त्या बाहेरच्या कडेला असतील, तिथे मागून येणाऱ्या ड्रायव्हरला त्या लांबूनच समोर दिसतात. तुमच्या आईचं म्हणणं या रस्त्यापुरतं सगळ्यात बरोबर आहे.

येतानाचं तर अजून चांगलं. येताना हीच कड उजव्या हाताला येते, गाड्या समोरून, आणि तेच वळण आता डावं, म्हणजे मुली बाहेरच्या कडेला. शाळेजवळ एकदा ओलांडलं की घरापर्यंत बाजू बदलायचीच नाही. थोडक्यात, जाता-येता घराचीच बाजू.

पैलवान७७
म्हणजे सकाळी पाठ करून जवळपास सगळा रस्ता चालायचा? मला हे पटत नाही काका. टेम्पोचा आरसा मागूनच लागला ना?

माळावरचा
हो, मागूनच. त्या तिघी आडव्या चालत होत्या, बाहेरची डांबरावर होती.

गिट्टी
पैलवान, पाठ असणं हा धोका आहेच, मी तो नाकारत नाही. पण चार-पाच फूट मुरूम असेल आणि मुली एकामागे एक डांबराबाहेर चालल्या तर गाडीला त्यांच्यापर्यंत येण्यासाठी रस्ता सोडावा लागतो. ओलांडताना मात्र त्या स्वतःच गाडीच्या वाटेत जातात. धोक्याचे दोन प्रसंग वाढवून पाठीचा धोका कमी करणं मला महाग वाटतं. साइडपट्टी दोन्हीकडे सारखी असती, वळण नसतं, तर मी तुमच्याच बाजूनं बोललो असतो.

लालडबा
दोघांच्या मध्ये बोलतो. उजवीकडून चालणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणारी गाडी मागून येते आणि तुमच्या कडेला येते. तुम्ही समोरचा रस्ता रिकामा बघून निवांत, आणि त्यालाही समोरचा रस्ता रिकामा दिसतोय म्हणूनच तो बाहेर निघालाय. मागून इंजिनाचा आवाज एकदम चढला की वळून बघायचं आणि खाली उतरायचं. हायवेवर दुभाजक असेल तर कडेनं राँग साइड येणाऱ्या दुचाक्या आहेतच, त्याही मागून. समोरून दिसणं चांगलं, पण मान वळवायची सवय दोन्ही बाजूंना हवी.

आणि कारखान्याची ट्रॉली. हंगामात ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात बाहेर आलेला असतो. चाक डांबरावर असतं आणि उसाची टोकं साइडपट्टीवर. ट्रॅक्टरवाल्याला गाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि मागच्या ट्रॉलीचं टोक त्याला दिसतही नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की चालायचंच नाही. साइडपट्टीच्याही बाहेर, शेताच्या कडेला उभं राहायचं आणि दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्यायच्या. पोरं पहिली गेली की परत वर येतात, तिथे घात होतो.

माळावरचा
काका, कारखाना शाळेच्या पुढेच आहे. म्हणजे भरलेल्या ट्रॉल्या सकाळी मागूनच येणार. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पायवारी
आम्ही दरवर्षी शिर्डीला पायी जातो, ४०-५० जण. आम्ही पण उजवीकडून जावं का? दोन वर्षांपूर्वी पहाटे आमच्यातल्या एकाला धडक बसली, पाय थोडक्यात वाचला.

मेघदूती
दादा, मोठ्या गटाचं वेगळं आहे. इथल्या नियमात संघटित मोठ्या गटानं डावीकडून चालावं असं म्हटलंय, कारण इतकी माणसं गाडी आली म्हणून पटकन खाली उतरू शकत नाहीत, गट स्वतःच एखाद्या संथ वाहनासारखा असतो. पुढे-मागे चकचकीत जॅकेट घातलेली माणसं, आणि अंधारात पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा. आपल्या दिंडीत हे सहज करता येईल.

लालडबा
आणि पहाटे तीन ते पाच चालू नका, पायवारी. त्या वेळी ड्रायव्हरचे डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही. समोरून दुसरी गाडी येत असेल तर तिच्या उजेडामुळे तिच्या अलीकडचा माणूस पार नाहीसा होतो. तुम्हाला वाटतं एवढा उजेड पडलाय, मी दिसतोयच. ड्रायव्हरच्या बाजूनं बघाल तर तिथे फक्त दोन पांढरे गोळे असतात. मळक्या कपड्यातला माणूस डिपरवर मला पंचवीस-तीस मीटरवर दिसायचा, तेवढ्यात गाडी थांबत नाही. पाठीला आणि पायाच्या घोट्याजवळ रेडियमची पट्टी लावा. घोट्याची हलते, हललं की माणूस आहे हे कळतं.

पायवारी
घोट्याचं कधी सुचलं नव्हतं. मंडळात सांगतो.

आज्जीचा_बटवा
धागा शिर्डीला पोचला, मुलीला शाळेत पोचवा आधी! ओलांडायचं कुठे ते कुणी सांगितलंच नाही.

गिट्टी
आज्जी, तिकडेच येतोय. जागा नजरेनं ठरवू नका, मोजून ठरवा.

डांबर ७ मीटर. पाचवीतली मुलगी दप्तर घेऊन सेकंदाला एक मीटर धरा, म्हणजे ७ सेकंद. तिला 'आता जाऊ का' ठरवायला आणि थोडं मागेपुढे व्हायला ३ सेकंद. झाले १०. ताशी ६० नं येणारी गाडी १० सेकंदात जवळपास १७० मीटर येते, ८० नं येणारी सव्वादोनशे. इतकं लांब दोन्हीकडे दिसायला हवं. गाडीनं थांबावं अशी आशा त्यात धरायचीच नाही. रस्ता आखताना आम्ही ६० च्या वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर दिसायला हवं असं धरत होतो. पण ते ब्रेक मारणाऱ्या ड्रायव्हरसाठी. मुलीला ड्रायव्हरच्या ब्रेकवर सोडायचं नसेल तर हिशेब तिच्या पावलांचा.

टेप लागत नाही. जिथून ओलांडायचं तिथे कडेला उभे राहा. लांबची गाडी पहिल्यांदा दिसली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजायला लागा, ती तुमच्यासमोरून गेली की थांबा. दहा-वीस गाड्या मोजा, दोन्ही दिशांच्या. सगळ्यात कमी आकडा धरायचा, सरासरी नाही. दहाच्या खाली आला तर ती जागा सोडायची. मुलगी उभी राहील तिथे आणि तिच्या उंचीवरून बघा. तुम्हाला उसावरून, पार्किंगमधल्या टेम्पोवरून दिसतं ते तिला दिसत नाही.

खडूफळा
मी शिक्षिका आहे, आमचीही शाळा रस्त्यावर आहे. फाटकासमोर गतिरोधक आहे म्हणता ना, तर तिथूनच ओलांडायला सांगा. सगळी मुलं तिथेच ओलांडतात, गाडीवाल्यांना माहीत असतं. एकट्या तिघी कुठेतरी मधेच ओलांडायला लागल्या तर कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

लालडबा
बाईंचं बरोबर आहे, फक्त दोन गोष्टी. एसटी उभी असेल तर तिच्या पुढून जायचं नाही. ड्रायव्हर उंचावर बसतो, नाकाखालचं पोर दिसत नाही. आणि एसटीला ओलांडून येणाऱ्या मोटारसायकलला पोर दिसत नाही, पोराला मोटारसायकल दिसत नाही. बस जाऊ द्यायची, धूळ बसू द्यायची, मग बघायचं. दुसरं, गतिरोधक चुकवायला दुचाकीवाले कडेच्या मातीतून जातात. म्हणजे पोरं थांबतात नेमकी तिथून.

माळावरचा
रविवारी आणि आज सकाळी दोन्ही वेळा जाऊन मोजलं. मुलीला बरोबर घेतलं होतं, गुडघ्यावर बसून तिच्या उंचीवरून बघितलं.

घरासमोर : चढाकडून आलेल्या गाड्यांचा कमीत कमी आकडा ५. पोरी रोज तिथूनच ओलांडत होत्या, कारण पलीकडच्या वस्तीवरची मैत्रीण उजव्या बाजूनं येते. हे ऐकून बायको गप्पच झाली. आता ती मैत्रीणच तिच्या आईबरोबर सरळ रस्त्याच्या मध्यावरून ओलांडून इकडे येणार, तिथे १२ आणि १३ आले.

वळणावर आतल्या बाजूनं : ४. मेघदूतीताई म्हणाल्या तेच. उसाच्या आडून गाडी दिसली की आलीच.

शाळेचं फाटक : गावाकडून १४, पण पुलाकडून ८, कारण कडेला दोन टेम्पो कायम उभे असतात. फाटकाच्या अलीकडे ६० पावलांवर चिंच आहे, तिथे पुलाकडून ११ आणि गावाकडून १३.

खडूफळा ताई, तुमचं म्हणणं कळतं, पण ८ आणि ११ बघून मला चिंचच बरी वाटते. चिंचेपाशी ओलांडलं की फाटकापर्यंत ६० पावलं उजवीकडून, चराच्या काठानं.

गिट्टी
टेम्पो नसताना फाटकावर किती येतात?

माळावरचा
सोमवारी एक टेम्पो नव्हता तेव्हा १० आले.

गिट्टी
मग टेम्पो हलवणं हे पहिलं काम. ग्रामपंचायतीत अर्ज द्या, मुख्याध्यापकांची सही घ्या, फाटकाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर वाहन उभं करू नये असा फलक मागा. फलक लागेपर्यंत चिंच. टेम्पोवाले गावातलेच असतील, अर्जाआधी त्यांच्याशी बोला.

खडूफळा
माझा आग्रह नाही, मोजलेलं मला मान्य आहे. एवढंच की चिंचेपाशी रोज एक मोठं माणूस पहिले पंधरा दिवस उभं करा. मुलांना मोजता येतं, पण घंटा झाली की कुणी मोजत नाही. उशीर झालेलं मूल कशाचीच वाट बघत नाही. म्हणून घरातून दहा मिनिटं आधी निघणं हेही यात धरा.

मेघदूती
आणि पूल? तिथे साइडपट्टी नाही म्हणालात.

माळावरचा
पुलावर असं ठरवलंय : पुलाच्या अलीकडे थांबायचं, मागे वळून बघायचं, मागून मोठी गाडी येत नसेल तरच एकामागे एक पूल पार करायचा. पुलावर गप्पा नाहीत, थांबणं नाही, ओढ्यात वाकून बघणं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ओढ्यात बगळे असतात.

पैलवान७७
मोजणीपुढे माझं काही चालत नाही. तुमच्या रस्त्याला डावी बाजू, मान्य. पण ट्रॉलीचं काय? नोव्हेंबरमध्ये ऊसतोड सुरू झाली की सकाळी मागून ट्रॉल्यांची रांग. तेव्हाही पाठ करूनच?

लालडबा
त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आवाज आला की उतरायचं हे खरं, पण रांग लागली तर पोरी शाळेत कधी पोचणार? शेतातून बांधाबांधानं वाट आहे का?

माळावरचा
वळणापर्यंत आमच्या बाजूला दोन शेतं भावकीची आहेत, बांधावरून वाट होऊ शकते. आबांना विचारलं, ते म्हणाले उद्याच कोयता घेऊन बांध साफ करतो. त्यामुळे ४०० मीटरचा प्रश्न सुटतो. वळण, पूल आणि पुढचा सरळ रस्ता उरतो. तिसऱ्या शेताच्या मालकाशी बोलणं चालू आहे, त्याचं म्हणणं पोरं हरभरा खातील.

आज्जीचा_बटवा
खाऊ देत की दोन घाटे. त्यांना सांगा आम्ही सगळे मिळून पैसे पाठवतो.

ऱ्हाइनकाठ
छत्रीचं कुणी बोललं नाही. पाऊस समोरून असला की मुलं छत्री तोंडापुढे धरतात, मग समोरची गाडी दिसायची राहते.

माळावरचा
खरंय. रेनकोट आणतो, टोपी पारदर्शक मिळते का बघतो, नाहीतर टोपीमुळे बाजूचं दिसत नाही. आबा बांध साफ करायला निघालेत, मी पण जातो. टेम्पोवाल्यांशी संध्याकाळी बोलणार आहे, काय म्हणतात ते इथेच लिहितो.